जिनवाल्याच्या खुर्चीत बसताना

"मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. वाटाघाटींच्या विषयात आम्हाला एक केस आहे. १४० कापूस उत्पादकांच्या शेतकरी कंपनीच्या गोदामात १,००० क्विंटल कापूस पडून आहे. कंपनी क्विंटलला ७,६०० मागते, कापसातून सरकी वेगळी काढणारा जिनिंगवाला ७,००० म्हणतो. दोन्ही बाजूंचे हितसंबंध, पर्याय आणि संभाव्य चाली लिहायच्या होत्या. मी बारा पानं लिहिली आणि शेवटी मध्य काढून ७,३०० ला सौदा व्हावा असं सुचवलं. सरांनी वही परत केली. शेरा होता, 'दोन प्रकारचे पर्याय एकत्र झालेत. समोरच्याचा कागद कोराच आहे.' पुढच्या आठवड्यात मला वर्गात जिनवाल्याची भूमिका करायची आहे. वडिलांना व्यापाऱ्यांनी काट्यावर नागवलेलं मी लहानपणापासून पाहिलंय. त्या माणसाची बाजू मांडणं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मांडावीशीही वाटत नाही. केस सोबत जोडली आहे."
— एक विद्यार्थिनी

सरांच्या शेऱ्यातला पहिला भाग आधी घेऊ, कारण ती चूक एकट्या तुझी नाही, आपल्या शब्दांनीही ती घडवून आणली आहे. इंग्रजीत या विषयात दोन वेगळे शब्द आहेत, ऑप्शन आणि अल्टरनेटिव्ह. मराठीत आपण दोन्हींना 'पर्याय' म्हणतो आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. तुझ्या वहीत एकाखाली एक असं लिहिलेलं आहे: सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला विकणे, पैसे लगेच घेणे, भाव वाढेपर्यंत माल ठेवणे, रुईच्या उताऱ्यानुसार, म्हणजे क्विंटलमागे किती रुई निघते त्यावर भाव ठरवणे. यातल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिही: हे करायला जिनवाल्याचा होकार लागतो का? पैसे लगेच घ्यायचे तर लागतो, उताऱ्यावर भाव ठरवायचा तरी लागतो. म्हणून त्या या सौद्यातल्या वाटा. सीसीआयला माल नेण्यासाठी किंवा गोदामात ठेवण्यासाठी त्याला विचारावं लागत नाही. त्या या सौद्याबाहेरच्या वाटा. बाहेरच्या वाटांपैकी सगळ्यात चांगली जी, तिलाच तुमच्या पुस्तकात बाटना म्हटलेलं असेल. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये हा शब्द रूढ केला. बाहेरची वाट तुझी ताकद सांगते, आतल्या वाटा सौदा किती मोठा होऊ शकतो ते सांगतात. दोन्ही एका यादीत आल्या की कुठं अडून बसायचं आणि कुठं नवीन काही सुचवायचं, हेच कळेनासं होतं.

आता शेतकरी कंपनीची बाहेरची वाट आकड्यात आणू. केस २०२४-२५ च्या हंगामाची आहे आणि त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता. तू तोच आकडा 'आपली ताकद' म्हणून लिहिला आहेस. पण हमीभाव काही हातात पडणारा भाव नाही. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात कापते, आणि १२ च्या वर माल घेतच नाही. केसमधल्या कापसात १० टक्के ओलावा आहे. म्हणजे २ टक्के, सुमारे १५० रुपये, आधीच गेले आणि ७,३७१ उरले. केसच्या शेवटच्या तक्त्यात केंद्रापर्यंतचं ट्रॅक्टर भाडं क्विंटलला १२० दिलंय. चुकारा पंधरा दिवसांनी येतो, आणि तोवर सभासद गावातल्या सावकाराचे पैसे महिना २ टक्क्यांनी वापरतात, म्हणून आणखी ७४ धर. आजच्या रोख रकमेत शेतकऱ्याच्या हाती येतात ७,१७७. रोखीत याच्याखाली सौदा करण्यात अर्थ नाही, आणि याच्यावर मिळालेला प्रत्येक रुपया फायद्याचा. तुझी ताकद ७,५२१ नाही, ७,१७७ आहे.

इथं थांबून एक गोष्ट नीट बघ, कारण ती बारा पानांत कुठंच नाही. ही बाहेरची वाट नेमकी कोणाची आहे? सीसीआय शेतकऱ्याकडून, त्याचा सातबारा आणि आधार पाहून घेते आणि पैसे त्याच्याच खात्यात टाकते. म्हणजे ही वाट कंपनीची नाहीच, १४० जणांची वेगवेगळी आहे. ज्याचा कापूस पहिल्या वेच्याचा आणि वाळलेला आहे, त्याची वाट चांगली. ज्याच्या कापसात १३ टक्के ओलावा आहे, त्याला ती वाट नाहीच. एकाला हरभऱ्याच्या बियाण्यासाठी आज पैसे हवेत, दुसऱ्याचा मुलगा नोकरीला आहे, तो संक्रांतीपर्यंत थांबेल. 'शेतकऱ्यांचा हितसंबंध: चांगला भाव' हे तुझं एक ओळीचं वाक्य म्हणूनच काही कामाचं नाही. बाजूला एकच नाव असलं तरी आत माणसं अनेक असतात, आणि त्यांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येऊ शकतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी अशाच एका गटाच्या वतीने मी एका जिनमध्ये बसलो होतो. वहीत ४०० क्विंटलची नोंद होती. ट्रक आले त्या दिवशी भरले २६० क्विंटल. आदल्या दोन रात्री जिनचा माणूस घरोघर फिरून नगदी पैसे देऊन गेला होता. त्याला दोष देत मी बरेच दिवस काढले. चूक माझी होती. गटाची बाहेरची वाट मी एकट्याने टेबलावर बसून लिहिली होती, घरोघर जाऊन एकालाही 'तुला पैसे कधी लागतात' असं विचारलं नव्हतं.

आता कोऱ्या कागदाकडे येऊ. जिनवाल्याची बाजू मांडणं म्हणजे त्याची कड घेणं, असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, तू सोडलेला कोरा कागद तुझ्या वडिलांच्याच विरोधात जातो. समोरचा कुठपर्यंत जाऊ शकतो हे ज्याला माहीत नाही, तो एक तर फार कमीत तयार होतो किंवा होणारा सौदा मोडतो. तुझ्या ७,३०० चं नेमकं हेच झालंय. कसं ते त्याच्या खुर्चीत बसून मोज.

एक क्विंटल कापूस जिनमध्ये टाकला की केसप्रमाणे ३४ किलो रुई निघते, ६५ किलो सरकी आणि किलोभर कचरा. रुईचा भाव खंडीला ५४,००० दिलाय. खंडी म्हणजे ३५६ किलो, तेव्हा किलोला सुमारे १५१ रुपये ७० पैसे पडले आणि ३४ किलोचे झाले ५,१५७. सरकी ३६ रुपये किलोने २,३४०. एकूण हातात ७,४९७. यातून वाहतूक, जिनिंग-प्रेसिंग आणि इतर खर्च मिळून २२० जातात. उरले ७,२७७. शेतकऱ्याला पैसे पंधरा दिवसांनी द्यायचे, हे धरून काढलेला हा आकडा आहे. याच्यावर एक रुपया गेला की तो घाट्यात. तू सुचवलेल्या ७,३०० ला तो क्विंटलमागे २३ रुपये आणि हजार क्विंटलवर २३,००० रुपये खिशातून घालतो. तो उठून गेला असता, आणि तू वहीत लिहिलं असतंस, 'आडमुठेपणा केला.'

मध्य काढणं दिसायला न्याय्य वाटतं, पण तो मध्य कशाचा? दोघांनी पहिल्यांदा उच्चारलेल्या आकड्यांचा. कंपनीने ८,००० मागितले असते तर मध्य ७,५०० वर गेला असता. मागणीच्या आकड्याला कापसातली रुई कळत नाही. दोघांच्या शेवटच्या मर्यादांमध्ये जी जागा असते ती शोधायची, आणि ती मागणीवरून कळत नाही, बाहेरच्या वाटांवरून कळते.

जिनवाल्याची बाहेरची वाट कोणती, हेही विचारायला हवं. तू 'दुसरीकडून कापूस घेणे' असं लिहिलंस. केस पुन्हा वाच. गावोगाव फिरून केलेल्या खेडा खरेदीतून त्याच्या यंत्रांना लागतो त्याच्या निम्माच माल येतोय, असं तिसऱ्या पानावर आहे. म्हणजे तुमचा कापूस आणि खेडा खरेदीचा कापूस यांपैकी एकच निवडावा असं त्याच्यापुढे नाही, दोन्ही घेतले तरी जागा उरते. तुमच्याशी सौदा मोडला तर त्याच्याकडे उरतात बंद यंत्रं आणि हंगामासाठी आणलेले मजूर. तुझ्या भूमिकेतला माणूस काळजीत आहे. तो कितीही बेफिकीर दिसला तरी तू हे विसरू नकोस.

आता जागा मोजू. पैसे पंधरा दिवसांनी द्यायचे असतील तर शेतकऱ्याला ७,१७७ वर त्या पंधरा दिवसांचं सुमारे ७२ रुपये व्याज हवं, म्हणजे त्याची किमान मर्यादा ७,२४९. जिनवाल्याची कमाल ७,२७७. मधे जागा उरली फक्त २८ रुपये. आता तारीख बदल. पैसे काट्यावरच द्यायचे. शेतकऱ्याची मर्यादा ७,१७७ वर उतरते. जिनवाला बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी पैसे घेतो, पंधरा दिवस आधी दिले तर त्याला ३६ रुपये जास्त लागतात, म्हणून त्याची मर्यादा ७,२४१ होते. जागा झाली ६४ रुपये. भावावर एक शब्द न बोलता क्विंटलमागे ३६ रुपयांची जागा निर्माण झाली, कारण तेच पंधरा दिवस एकाला ७२ ला पडतात आणि दुसऱ्याला ३६ ला. हितसंबंधांची यादी लिहायची ती यासाठी. 'जिनवाल्याला नफा हवा, शेतकऱ्याला भाव हवा' एवढ्यावर थांबलं तर यातलं काही दिसत नाही. कोणाला काय, कधी हवं आणि त्याची त्याला किती किंमत पडते, इथपर्यंत गेलं की सौद्यातल्या वाटा आपोआप सुचायला लागतात.

दुसरी वाट रुईच्या उताऱ्याची, आणि ती मला या केसचा गाभा वाटते. तू कधी जिनच्या आवारात उभी राहिली असशील तर पाहिलं असशील, खरेदी करणारा माणूस गंजीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढतो. चिमूटभर घेऊन दोन्ही अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी बघतो. सरकी दाताखाली धरतो, कट् असा आवाज आला तर वाळलेली, नाहीतर ओली. मग म्हणतो, "तेहतीसच्या वर उतारा नाही." शेतकरी म्हणतात पस्तीस. केसमध्ये हाच वाद आहे आणि तू तो 'एकमेकांवरचा अविश्वास' म्हणून दोन ओळींत उरकलास. आकडा बघ: उतारा एक टक्क्याने बदलला की जिनवाल्याची मर्यादा सुमारे ११६ रुपयांनी बदलते, कारण एक किलो सरकीच्या जागी एक किलो रुई येते. ३३ धरला तर रोखीत त्याची मर्यादा ७,१२५, म्हणजे शेतकऱ्याच्या मर्यादेच्याही खाली. सौदाच शक्य नाही. ३५ धरला तर ७,३५७. भांडण भावाचं वाटतं, पण दोघं वेगवेगळ्या कापसाची किंमत सांगताहेत.

यावर वाद घालून काही होत नाही, पण मोजता येतं. दहा क्विंटल दोघांसमोर जिनून बघायचे आणि ३४ ला एक भाव, वरखाली प्रत्येक टक्क्याला शंभर रुपये, असं आधी लिहून घ्यायचं. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो लगेच हो म्हणतो, आणि जो नुसतं बोलून पाहत होता तो इथं अडखळतो, म्हणून ही सूचना स्वतःच एक परीक्षा आहे. मात्र यात काय बिघडतं तेही लिही, त्याचेच गुण मिळतील. नमुना एकाच गंजीतून काढला तर तो साऱ्या मालाचा नसतो, म्हणून पहिल्या वेच्याच्या आणि नंतरच्या गंज्यांतून त्या-त्या प्रमाणात काढायचा. यंत्रात आधीच्या कापसाची रुई अडकलेली असते, ती साफ करून मगच सुरू करायचं. आणि कापूस आत जाताना, रुई आणि सरकी बाहेर येताना, तिन्ही वजनं एकाच काट्यावर, कंपनीच्या माणसासमोर. तुझ्या वडिलांचा अनुभव इथं कामाला येतो. आमच्या भागातले जुने शेतकरी म्हणायचे, "तो काय भाव देऊन राहिला ते पाहू नको, काट्यावर किती कापून राहिला ते पाह्य." हे वाक्य तक्रार म्हणून लिहू नकोस. सौद्याच्या अटींमध्ये 'वजन कोणत्या काट्यावर, कोणासमोर' या नावाने लिही.

चालींबद्दल तू प्रत्येक बाजूच्या दहा-दहा लिहिल्यास. त्यातल्या बहुतेक कोणत्याही केसला लागू पडतील. मी तीनच लिहिल्या असत्या, पण प्रत्येकीला 'का' आणि 'मग काय' जोडून. जिनवाला आधी भावावर बोलणार नाही, तो ओलाव्यावर बोलेल, कारण ओलावा मान्य झाला की भाव आपोआप खाली येतो. कंपनीने स्वतःचं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन जावं आणि गंजीच्या पोटातला, वरचा आणि कडेचा असे तीन आकडे आधीच लिहून ठेवावेत. पुढे तो "मालकाला विचारतो" किंवा "भागीदाराशी बोलतो" म्हणेल, म्हणजे कंपनीने दिलेली सूट पक्की राहील आणि त्याची कच्ची. निर्णय घेणारा कोण, हे पहिल्या चहालाच विचारायचं. आणि सगळं अडलं की तो कंपनीला सोडून सभासदांकडे जाईल, जसा माझ्या वेळी गेला. ही चाल ओळखायची खूण अशी की टेबलावर तो अचानक निवांत होतो, तारखा पुढे ढकलतो. त्यावर उत्तर टेबलावर नसतं. ज्या वीस-पंचवीस घरांना आज पैसे हवेत त्यांच्यासाठी कंपनीने आधीच थोडी उचल ठेवलेली असली तरच ती चाल फसते.

शेतकरी कंपनीची चाल कोणती? सीसीआयची धमकी. ती कधी खरी वाटेल? जिनवाल्याच्या खुर्चीत बसलीस की तू स्वतः हे विचारशील: किती सभासदांची नोंदणी झालीय, किती जणांचा कापूस १२ टक्क्यांच्या आत आहे? उत्तर 'बघू' असं आलं तर धमकीला तू भीक घालणार नाहीस. उत्तर 'नव्वद जण, ही यादी' असं आलं तर सात हजारांवर बसून राहणं तुला परवडणार नाही. याच कारणाने शेतकऱ्याच्या बाजूचा अभ्यास त्या खुर्चीतून जास्त चांगला होतो.

या सगळ्या आकड्यांची मर्यादाही वहीत येऊ दे. खंडीचा भाव हजार रुपयांनी पडला की कापसात क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये जातात, आणि आपली सगळी जागा तर ६४ चीच होती. म्हणजे सोमवारी शक्य असलेला सौदा गुरुवारी अशक्य होऊ शकतो, कोणीही खोटं न बोलता. भाव पडताना जिनवाला मागे हटला तर त्याला लगेच लबाड ठरवण्याआधी त्या दिवशीचा खंडीचा भाव बघ. शेतकऱ्याने 'ठेवून देऊ' म्हटलं तर त्याचीही किंमत धर: वाळून वजन घटतं, आगीची भीती असते, घरात भरलेल्या कापसाने लेकरांच्या अंगाला खाज सुटते. सौद्याबाहेरच्या वाटेलाही खर्च असतो.

तुला तो माणूस आवडायलाच हवा, असं मी म्हणणार नाही. तुझ्या वडिलांचं जे नुकसान झालं ते खरं आहे आणि ते विसरून भूमिका करायची गरज नाही. जिनवाल्याचा कागद लिहिताना फक्त एवढं कर, त्याच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य त्याने वाचलं तर त्याला 'हो, असंच आहे' असं वाटलं पाहिजे. 'त्याला शेतकऱ्याला लुटायचं आहे' हे वाक्य तो मान्य करणार नाही, म्हणून ते चालीत येईल, हितसंबंधात नाही. 'यंत्रं निम्मी रिकामी आहेत आणि बँकेचा हप्ता चालू आहे' हे तो मान्य करेल. तुझ्यासारखंच जे कोणी या बाजूच्या नाहीतर त्या बाजूच्या घरातून आलेत आणि वर्गात उलट्या बाजूची भूमिका करताहेत, त्यांनीही आपल्या प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावावी.

वही नव्याने लिहिण्याआधी या रविवारी वडिलांजवळ बस आणि त्यांना तीन गोष्टी विचार. गेल्या वर्षी माल कोणत्या तारखेला विकला, त्या आठवड्यात घरात पैशाची काय निकड होती, आणि ज्याने घेतला त्या माणसाला त्या दिवशी माल किती हवा होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ते लगेच देतील. तिसऱ्याला ते थोडं थांबतील. तोवर तू घाई करू नकोस, चहा ठेव.